तांबड्या रश्श्यानंतर गोड काय द्यायचं?

धुळवडीच्या रात्री दहा माणसं जेवायला आहेत. ताटात सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, भात आणि दहीकांदा. या जेवणावर गोड म्हणून बहुतेक घरांत गुलाबजाम नाहीतर बासुंदी ठरते, कारण दोन्ही सणासुदीची आणि दोन्ही आयती मिळतात. नेमके हेच दोन पदार्थ या ताटानंतर सगळ्यात कमी शोभतात. का, ते कळायला आधी रश्श्याकडे बघायला हवं.

तांबड्या रश्श्यावर जो लाल कट तरंगतो, त्यात मिरचीचा रंग असतो आणि तिखटाचा मोठा वाटाही. मिरचीतलं तिखट द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. ते तेलात सहज विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून कट वाढून घेणाऱ्याचे कान लाल होतात आणि तळाचा पातळ रस्सा घेणारा निवांत असतो. पाण्याचा पेला रिकामा केला तरी जळजळ जात नाही, त्याचंही कारण हेच. पाणी तोंडात असेपर्यंत गार वाटतं आणि गिळलं की आग पुन्हा जागी होते.

तिखट ही खरं तर चव नव्हे. जिभेवरच्या आणि घशातल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही1. एरवी साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर काही लागलं की ते ‘भाजतंय’ असा संदेश धाडतं. कॅप्सेसिन त्याला चिकटलं की ही पातळी खाली येते आणि तोंडाची नेहमीची ऊबसुद्धा भाजल्यासारखी वाटू लागते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये हे प्रथिन शोधलं आणि 2021 चं नोबेल त्यांना स्पर्शाच्या संवेदनेवर काम करणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. आपल्या कामाची गोष्ट इतकीच, की रस्सा ओरपलेल्या माणसाला वाफाळता गुलाबजाम देणं म्हणजे आधीच चेतलेल्या चुलीत लाकूड सारणं आहे. गरम जिलबी आणि गरम गाजरहलवाही त्याच माळेतले. सुंठ, मिरी आणि लवंगही गोडात नकोत, कारण त्यांतली तिखट द्रव्यंही याच प्रथिनाला डिवचतात.

मग आग विझवतं काय? पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात 2019 मध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना तिखट पेय देऊन वर वेगवेगळी पेयं प्यायला दिली. दूध सरस ठरलं, पण गंमत अशी की साय काढलेलं दूधही पूर्ण स्निग्ध दुधाइतकंच कामाला आलं. म्हणजे श्रेय फक्त स्निग्धांशाचं नव्हे. दुधातली प्रथिनं, त्यातही केसीन, कॅप्सेसिनला धरून ठेवतात असा अंदाज आहे. गोड सरबतानेही चांगला उतार दिला आणि साध्या पाण्याने फारसा नाही. तेव्हा आपल्याला हवं ते असं: गार, दुधाचं, गोड, आणि तूप-साय बेतास बात.

‘बेतास बात’ का, ते पोटात ठरतं. मटणाची चरबी आणि कटाचं तेल लहान आतड्यात पोचलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते जठराला सांगतं, जरा दमानं. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि पोट तट्ट वाटतं. त्यावर बासुंदी म्हणजे पुन्हा स्निग्धच. एक लिटर म्हशीच्या दुधात 60 ते 70 ग्रॅम स्निग्धांश असतो. ते आटवून पाच वाट्या झाल्या, तर एका वाटीत 12 ते 14 ग्रॅम उतरतो, म्हणजे जवळपास मोठा चमचाभर तूप. श्रीखंडाचा आंबटपणा इथे कामाचा असतो, पण जुन्या हिशेबाने चक्का आणि साखर समसमान घातली तर दोन चमच्यांत माणूस वाटी खाली ठेवतो.

खरं तर आपल्याकडे जेवण झाल्यावर गोड ही पद्धत मूळची नव्हेच. पुरणपोळी आणि कटाची आमटी एकाच ताटात असतात, घास आलटून पालटून घेतात आणि एक चव दुसरीला आवरते. शेवटी वेगळं गोड वाढायचं ठरलं की हा आधार जातो. सबंध तिखट आधीच तोंडात साठलेलं असतं आणि त्या एका वाटीला सगळं निस्तरावं लागतं.

पोट भरूनही गोडाला जागा कशी उरते, यालाही कारण आहे. एका चवीचा कंटाळा येतो तो त्या चवीपुरता. वेगळी चव, वेगळा पोत समोर आला की भूक थोडी जागी होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ताटात जे आहे ते गोडात पुन्हा आणू नये. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू आणि खसखस असतेच. म्हणून नारळीभात, काजूची बर्फी किंवा खसखशीची खीर, एरवी कितीही छान असली तरी, या रात्री मागेच राहतात.

हे सगळं जुळवून आम्ही फिरणी निवडू. दुधाची, गार, मऊ, चावायला न लागणारी, आणि तांदळाच्या पिठाळपणामुळे तोंडात क्षणभर रेंगाळणारी. रेंगाळणं महत्त्वाचं, कारण केसीनला कॅप्सेसिन धरायला जिभेवर थोडा वेळ मिळावा लागतो. लस्सी घटकन घशाखाली जाते.

दहा जणांसाठी एक लिटर टोन्ड दूध, 50 ग्रॅम आंबेमोहोर, 100 ग्रॅम साखर, सहा वेलदोडे आणि चिमूटभर केशर पुरतं. टोन्ड दुधात 3 टक्के स्निग्धांश, म्हणजे वाटीला जेमतेम 3 ग्रॅम. बासुंदीच्या पाव भागाइतकाच.

तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा, निथळून फडक्यावर पसरा, आणि हाताला ओल लागेनाशी झाली की मिक्सरमधून बारीक रव्याइतके काढा. इथे पहिली चूक होते. तांदूळ पिठासारखे बारीक झाले तर फिरणीची खळ होते. भरड राहिले तर ती खीर होते. दोन बोटांत चोळल्यावर कण जाणवले पाहिजेत, टोचता कामा नयेत.

हा रवा वाटीभर गार दुधात कालवून ठेवा. उरलेलं दूध उकळून मंद आचेवर पाच-सात मिनिटं आटू द्या, आणि मग कालवलेला रवा पुन्हा ढवळून बारीक धारेने त्यात सोडा. कोरडा रवा थेट उकळत्या दुधात टाकला तर बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो, त्याच्या भिंतीतून दूध आत जात नाही आणि मधे कोरडी गुठळी राहते. ती नंतर कितीही घोटली तरी मोडत नाही.

आता बारा ते पंधरा मिनिटं, तळापासून सतत ढवळत. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि दूध दाट होतं. साखर या टप्प्यावर नको. साखरही पाणी धरते, त्यामुळे लवकर घातली तर तांदूळ फुगायला उशीर होतो आणि कण कच्चट राहतात. रवा दाताखाली मऊ लागला की साखर घाला. फिरणी जरा पातळ होईल, घाबरू नका, आणखी तीन मिनिटं द्या.

गॅस कधी बंद करायचा, इथेच बहुतेकांची फसगत होते. गरम असताना जी फिरणी ‘बरोबर’ दिसते, ती फ्रिजमध्ये वडीसारखी बसते, कारण गार होताना स्टार्चचे धागे एकमेकांत गुंततात. म्हणून ताटलीची परीक्षा करा. गार ताटलीवर चमचाभर फिरणी घाला, मिनिटभराने ताटली तिरकी करा. ती सावकाश सरकली पाहिजे. धावली तर अजून दोन मिनिटं शिजवा, जागेवर बसून राहिली तर अर्धी वाटी दूध घालून सारखी करा. चवीचंही तसंच आहे. गारव्यात जिभेला गोड कमी जाणवतं, त्यामुळे गरम असताना किंचित जास्त गोड वाटली तरच थंड झाल्यावर नीट लागते. बरोबर लागली, तर ती वाढताना फिकी पडणार.

वेलदोड्याची पूड आणि केशर गॅस बंद केल्यावर घाला. वेलदोड्यातलं सिनिओल हे द्रव्य निलगिरीच्या तेलातही असतं, आणि ते तोंडातल्या गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना हलकं चेतवतं. या वाटीत वेलदोडा नुसत्या वासासाठी नाही. वरून बदामाचे काप आवडत असतील तर घाला. काजू पांढऱ्या रश्श्यात होऊन गेलेत.

मातीच्या वाट्या वापरणार असाल तर त्या आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी माती फिरणीतलं पाणी ओढते, मग कडेला ती घट्ट होते आणि पृष्ठभागाला भेगा पडतात. फिरणी कोमट झाली की वाट्या भरून झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा, निदान चार तास. ओट्यावर दोन तासांहून जास्त राहू देऊ नका; दूध-तांदळाच्या ओल्या मिश्रणात जंतू झपाट्याने वाढतात आणि मार्चच्या उकाड्यात तर फारच. दुपारी तीनला केली की रात्री नऊला तयार मिळते. वाढायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा, म्हणजे गारवा राहतो आणि गोडही बोथट होत नाही.

ताटं उचलल्यावर लगेच वाढायची घाई मात्र करू नका. तोंड पेटलेलं असताना गोडाची जाण थोडी मंद असते. हात धुऊन गप्पांना बसायला पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढी पुरतात. ज्याच्या डोळ्यांतून पाणीच येतंय त्याला आधी चार घोट गार दूध द्या, तोंडात थोडं घोळवून गिळायला सांगा, फिरणी नंतर.

दूध न चालणारा पाहुणा असेल तर त्याच्यासाठी नारळाच्या दुधाची वेगळी फिरणी करण्याचा मोह होतो. त्यातल्या स्निग्धांशात तिखट विरघळेल खरं, पण केसीन नाही, आणि पुन्हा पांढरा रस्साच खाल्ल्यासारखं होईल. त्यापेक्षा चांगलं पिकलेलं गार कलिंगड द्या. गारवा आणि साखर, दोन्ही त्यात आहेत. अननस टाळा, आम्लाने टीआरपीव्ही1 आणखी हळवं होतं आणि अननसातलं प्रथिनं फोडणारं विकर आधीच चुरचुरणाऱ्या जिभेला आणखी खाजवतं.