एक कुर्ता, एक शर्ट, दोन्ही अडतीस

ठाण्यात गोखले रोडवर सासऱ्यांसाठी कपडे घेतले. एक खादीचा कुर्ता, एक ऑफिसचा पांढरा शर्ट, दोन्हींवर ३८. घरी कुर्ता छान बसला. शर्टाची छातीही बसली, पण गळ्याचं बटण काही लागेना. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "३९ घेऊन जा." सासरे तिथेच अडले. कुर्ते ३६, ३८, ४० असे दोन-दोनने चढतात, मग हा ३९ कुठून आला?

हा ३९ इंचांचा नव्हताच. कुर्त्यावरचा ३८ म्हणजे छातीचा घेर, इंचांत. फॉर्मल शर्टावरचा आकडा बहुतेक वेळा कॉलरचा असतो आणि तो सेंटीमीटरमध्ये असतो. ३८ सेंटीमीटर म्हणजे जवळपास १५ इंच. गळ्याला एका सेंटीमीटरचा फरकही जाणवतो, म्हणून मधला ३९ ठेवावा लागतो.

गोंधळ सहसा लक्षात येत नाही, कारण दोन्ही आकडे अनेकदा जुळतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर. छाती गळ्याच्या साधारण अडीचपट असली की इंचांतली छाती आणि सेंटीमीटरमधला गळा एकाच आकड्यावर येतात, आणि पुष्कळ पुरुषांची ठेवण तशीच असते. सासऱ्यांची छाती ३८ इंच, गळा मात्र ३९ सेंटीमीटर. तिथे जुळणी तुटली.

अक्षरांचं गणित आणखी सैल. आपल्याकडे बऱ्याच लेबलांवर एक्सएस ३६, एस ३८, एम ४०, एल ४२, एक्सएल ४४, डबल एक्सएल ४६ आणि ट्रिपल एक्सएल ४८ असं असतं. पण दुसरा उत्पादक ३८ लाच एम म्हणतो, आणि तोही चुकत नाही. कोणी अंगाचं माप छापतो, कोणी कापडाचं. ३८ छातीच्या माणसाचा शर्ट प्रत्यक्षात ४२ घेराचा असू शकतो, कारण श्वास घ्यायला, हात वर करायला लूज ठेवावाच लागतो. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टला तेवढा लूज लागत नाही.

म्हणून मी आता टेप काढतो. नीट बसणारा शर्ट बटणं लावून पलंगावर सपाट पसरायचा, काखेच्या शिवणीखाली एक इंचावर रुंदी मोजायची आणि दुप्पट करायची. कॉलर उघडून बटणाच्या मध्यापासून काजाच्या मध्यापर्यंत मोजायची. नवा शर्ट या दोन आकड्यांशी ताडून बघायचा. अक्षराकडे मी शेवटी बघतो, खरं तर बघतच नाही.

३९ चा शर्ट आणला. काखेखाली रुंदी साडेएकवीस, म्हणजे घेर ४३. अडतिसाच्या छातीवर पाच इंच मोकळा. नौपाड्यातल्या शिंप्याने दोन्ही बाजू आत घेऊन दिल्या. कॉलर कमी पडली असती, तर त्याला फार तर बटण जरासं सरकवता आलं असतं.