एक नो ट्रम्पनंतर दोन किलवर : स्टेमनची विचारणा
(आमच्या ब्रिज वर्गाच्या सभासदांसाठी)

भिडूने एक नो ट्रम्पने सुरुवात केली, म्हणजे त्याच्याकडे १५ ते १७ गुण आणि समतोल पाने आहेत. पण त्यात चार इस्पिक किंवा चार बदाम आहेत का, हे कळत नाही. ते विचारण्यासाठी आपण दोन किलवर म्हणतो. या बोलीचा आपल्या किलवरच्या पानांशी काही संबंध नसतो. सॅम स्टेमन यांनी १९४५ मध्ये 'द ब्रिज वर्ल्ड' मासिकात लेख लिहिला, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. कल्पना मात्र त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची.

उत्तरे तीनच. दोन चौकट म्हणजे चार पानी मेजर नाही. दोन बदाम म्हणजे चार बदाम आहेत. सोबत चार इस्पिकही असू शकतात. दोन इस्पिक म्हणजे चार इस्पिक आहेत, चार बदाम नाहीत.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो दोन्ही मेजर असलेल्या पानांवर. हा डाव पाहा. सुरुवात करणाऱ्याकडे इस्पिक एक्का, राणी, ७, ३. बदाम राजा, गुलाम, ८, ४. चौकट एक्का, ५. किलवर राणी, ९, २. भिडूकडे इस्पिक राजा, गुलाम, ९, ४. बदाम राणी, ३. चौकट ८, ७, २. किलवर राजा, गुलाम, ८, ५.

एक नो ट्रम्प, दोन किलवर, दोन बदाम. भिडूला बदाम नको आहेत, पण गुण १० आहेत, म्हणून तो तीन नो ट्रम्प म्हणतो. इथे सुरुवात करणाऱ्याने पास म्हणू नये. भिडूने मेजर विचारले आणि बदाम नाकारले, तेव्हा त्याच्याकडे इस्पिक असणारच. बोली चार इस्पिक.

फरक किती पडतो? तीन नो ट्रम्पवर चौकट आली की आपला एकच अडसर, एक्का. बदाम आणि किलवरचे एक्के काढायला जावे, तर प्रतिस्पर्ध्यांची चौकट वाहू लागते. चौकट चार-चार वाटलेली असली, तरी त्यांचे पाच हात होतात आणि आपण बुडतो. चार इस्पिकमध्ये तिसरी चौकट हुकमाने मारता येते. इस्पिक तीन-दोन वाटलेली असतील, तर आपण एक चौकट आणि ते दोन एक्के एवढेच देतो. दहा हात होतात.

आठपेक्षा कमी गुणांवर सहसा विचारू नका. नको ते उत्तर आले, तर जोडीकडे ताकद नसताना दोन नो ट्रम्पवर जावे लागते. अपवाद एकच: किलवर एखादेच, दोन्ही मेजर आणि चौकट चार-चार. तेव्हा जे उत्तर येईल त्यावर पास म्हणा. पाच पानी मेजर असेल, तर ट्रान्सफरची वाट धरा. पाने ४-३-३-३ असतील, तर आमच्या मते मेजर विसरून नो ट्रम्पच बरे, कारण हुकूम मारायला छोटी सूटच नसते.