पार्श्वभूमी: परदेशी शिकणाऱ्या नातीला आजोबांचं पत्र, खाली इंग्रजी भाषांतरासह

परदेशात शिकायला गेलेल्या नातवंडाला आजोबांनी मराठीत पत्र लिहायचं आणि खाली किंवा पाठीमागे इंग्रजी भाषांतर जोडायचं, ही पद्धत आता बऱ्याच घरांत दिसते. तिला जुनी परंपरा समजण्याचं कारण नाही, कारण तिचं वय जेमतेम दोन पिढ्यांचं आहे. पूर्वीच्या पत्रांत भाषांतराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. विलायतेला बॅरिस्टर व्हायला गेलेल्या मुलाला घरून येणारं पत्र ‘चिरंजीव राजश्री’ने सुरू होई, ‘आशीर्वाद उपरी’ म्हणत पुढे सरके आणि क्षेमकुशल विचारून मग मुद्द्यावर येई. टपाल बोटीने जाई, उत्तर हाती यायला महिना-दीड महिना सहज लागे. पण लिहिणारा आणि वाचणारा एकाच शाळेत घडलेले असत.

हा सांधा निखळला तो स्वातंत्र्यानंतर. तो कसा निखळला याबद्दल ‘मराठी माणसाला इंग्रजीचं वेड’ एवढं एकच उत्तर दिलं जातं, आणि ते अपुरं आहे.

त्या काळच्या मुंबई राज्याने, ज्यात गुजरातचा मोठा भागही होता, 6 जानेवारी 1954 रोजी एक आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांच्या मुलांना प्रवेश मिळेल, बाकीच्यांना नाही, असा त्याचा मथितार्थ. हेतू उघड होता: इथल्या मुलांनी इथल्या भाषांत शिकावं. देवळालीच्या एका शाळेत त्याच सुमारास दोन मुलांसाठी प्रवेश मागितला गेला होता. एक गुजराती कुटुंबातला मुलगा, दुसरी भारतीय ख्रिस्ती मुलगी, जिच्या घरातली भाषाच इंग्रजी होती. आदेशापुढे शाळेचा नाइलाज झाला आणि दोघांनाही नकार मिळाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे सरकार हरलं. 26 मे 1954 ला सर्वोच्च न्यायालयातही हरलं.

सरकारचं म्हणणं होतं की आमचा उद्देश राष्ट्रभाषेला आणि प्रादेशिक भाषांना बळ देण्याचा आहे. न्यायालयाने उद्देशाला नावं ठेवली नाहीत. पण उद्देश काहीही असो, प्रवेश नाकारण्याचं प्रत्यक्ष कारण भाषा हेच आहे आणि राज्यघटनेच्या 29 (2) कलमात ते बसत नाही, असा निकाल दिला. शिवाय अँग्लो-इंडियन शाळांना अनुदान हवं असेल तर किमान 40 टक्के जागा इतर समाजांच्या मुलांना खुल्या ठेवण्याची घटनेचीच अट होती. म्हणजे एका हाताने घटना दार उघडं ठेवा म्हणत होती आणि दुसरीकडे राज्य सरकार तेच लावून घ्यायला सांगत होतं.

निकाल योग्यच होता असं मला वाटतं. सक्तीने भाषा वाचवायला निघालेलं सरकार मुलांच्या शाळाप्रवेशात हात घालतं, तेव्हा त्याला अडवायलाच हवं. पण त्या वेळची बाकीची व्यवस्था तशीच राहिली आणि गोची तिथे झाली. मराठी शाळांतून इंग्रजी वरच्या वर्गांत ढकललेलं होतं. बरीच वर्षं ते आठवीपासून आणि पुढे पाचवीपासून शिकवलं गेलं. कॉलेजातलं विज्ञान, वैद्यक, इंजिनिअरिंग मात्र इंग्रजीतच राहिलं. मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षी फळ्यावरची व्याख्या नुसती उतरवून घेई, कळत काहीच नसे. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेले आजोबा म्हणजे हाच मुलगा. बापाच्या भूमिकेत आल्यावर त्याने आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं, ते कॉलेजातलं ते पहिलं वर्ष त्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून. मराठी घरात येईलच, हा त्याचा हिशेब होता. बोलण्यापुरता तो बरोबरही निघाला.

2000 साली राज्याने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, पण तोवर ही मंडळी मराठी शाळा सोडून गेली होती. सर्व माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं करणारा कायदा 2020 मध्ये झाला. आज परदेशात पदव्युत्तर शिकणारी मुलं तेव्हा दहावी ओलांडून गेली होती. म्हणून आजची नात आजीशी फोनवर अर्धा तास अस्खलित बोलते, आणि आजोबांचं दोन पानी पत्र वाचायला तिला त्याहून जास्त वेळ लागतो. जोडाक्षरांत अडखळते, ‘ऱ्हास’सारख्या शब्दाला दचकते, आणि आजोबांचं हस्ताक्षर जुन्या वळणाचं असेल तर तिथेच थांबते.

अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांच्या बाबतीत हा प्रश्न आधीच, ऐंशीच्या दशकापासून आला होता. 1965 च्या तिकडच्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेल्या इंजिनिअर-डॉक्टरांची ती मुलं. तेव्हाचं साधन होतं एरोग्राम: एकच निळसर कागद, घडी घालून डिंकाने चिकटवायचा, आत काही ठेवायला बंदी. त्या एका कागदावर भाषांतर बसवायचं तर मराठी मजकूर निम्मा करावा लागे. त्यामुळे आजोबा मुलाला मराठीत सविस्तर लिहीत आणि नातवासाठी शेवटच्या घडीवर इंग्रजीत दोन ओळी. लिफाफ्यात दोन कागद घालून पूर्ण भाषांतर पाठवणं त्यानंतर रुळलं.

भाषांतर करतो कोण, यावर पत्राची चव ठरते. बँकेत किंवा सरकारी खात्यात तीस वर्षं काढलेले आजोबा स्वतः करायला बसले की त्यांचं इंग्रजी ऑफिसचं निघतं. समजा मराठीत असं आहे: ‘परवा आजी डाळिंब्या सोलायला बसली आणि तुझं नाव निघालं. तू असतीस तर चार सोलून उरलेल्या मांजरापुढे टाकून पळाली असतीस.’ खाली इंग्रजीत येतं, आजी तुझी वारंवार आठवण काढते आणि तुझ्या प्रगतीबद्दल समाधानी आहे. मांजर गायब, डाळिंब्या गायब, आणि प्रगती कुठून आली ते आजोबांनाच ठाऊक. भाषांतर मुलाने किंवा सुनेने केलं तर वेगळीच काटछाट होते. आजोबांनी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल लिहिलेलं अख्खं कलम वगळलं जातं, पोरीला परीक्षेत काळजी नको म्हणून. ती मराठी अक्षर लावत बसते आणि दोन आठवड्यांनी फोन करून विचारते, ‘आबा, ऑपरेशन कधी झालं?’

2025 च्या ऑगस्टअखेरीस आयातशुल्काच्या नव्या अमेरिकी नियमांमुळे भारतीय टपालाने अमेरिकेसाठीचं बुकिंग थांबवलं. आधी पार्सलं अडली, पण पत्रं, कागदपत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू होत्या. काही दिवसांतच तीही बंद झाली, साधं पत्रसुद्धा. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा लक्ष्मीपूजन आठवड्याच्या आत येऊन ठेपलं होतं. खाजगी कुरिअर सुरू होतं, पण दोन कागदांसाठी तेवढे पैसे मोजायला आजोबा मंडळी तयार होईनात. त्या दिवाळीत कित्येक घरांतून पत्राचा फोटो आणि टाइप केलेलं भाषांतर व्हॉट्सॲपवर गेलं. ज्यांनी टपालावरच भिस्त ठेवली, त्यांची पाडव्याची पत्रं निघायलाच उशीर झाला.