गरीब हदीस आणि जईफ हदीस

मागे एका विद्यार्थिनीच्या निबंधाचा कच्चा खर्डा माझ्याकडे तपासायला आला. विषय होता सुरुवातीच्या इस्लामी काळातली साधनं. तिसऱ्या पानावर एका हदीसीबद्दल, म्हणजे पैगंबरांच्या नावे सांगितल्या गेलेल्या वचनाबद्दल, तिने लिहिलं होतं : "‘कृत्यं हेतूंवर अवलंबून असतात’ ही हदीस गरीब आहे, त्यामुळे पुरावा म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही." वाक्याचा पहिला भाग बिनचूक होता. दुसरा मात्र पहिल्यातून निघतच नाही. गंमत म्हणजे सर्वांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या इमाम बुखारींच्या संग्रहातली ही अगदी पहिली हदीस आहे.

चूक मराठी माणसाच्या हातून व्हावी अशीच आहे. आपल्याकडे गरीब म्हणजे परिस्थितीने बेताचा, फार तर स्वभावाने बापडा. आणि जईफ म्हणजे वयाने थकलेला. दोन्ही शब्द कानाला दुबळेच वाटतात. अरबीत जईफ म्हणजे अशक्त हे खरंच, पण गरीब म्हणजे परका, परमुलुखात एकटा पडलेला. हदीसशास्त्राने हाच एकटेपणा उचलला. ज्या हदीसच्या साखळीत कुठल्यातरी एका पिढीत ती सांगणारा एकच माणूस उरतो, ती गरीब. म्हणजे गरीब ही मोजणी झाली : किती जणांनी सांगितलं? जईफ ही पारख : सांगणारा कसा होता, आणि दुव्याला दुवा जुळतो का?

साखळीला म्हणतात सनद. हा शब्द आपल्याला वतनाच्या आणि इनामाच्या कागदांतून ओळखीचा आहे. अरबीत त्याच्या मुळाशी टेकण्याचा, आधाराचा अर्थ आहे. सनदीच्या शेवटी जो मजकूर येतो तो मत्न, आणि सनदीतला प्रत्येक माणूस रावी.

आता तिचीच हदीस घेऊ. बुखारी (मृत्यू हिजरी 256, म्हणजे इ.स. 870) सांगतात की आपल्याला हे हुमैदींनी सांगितलं, त्यांना सुफयान बिन उयैना यांनी, त्यांना यह्या बिन सईद अन्सारींनी, त्यांना मुहम्मद बिन इब्राहीम तैमींनी, त्यांना अलकमा बिन वक्कास लैसींनी, आणि अलकमांनी हे खलिफा उमर यांना मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, सांगताना ऐकलं. ही नावं कागदावर खालून वर लिहायची, सर्वांत खाली उमर. मग इमाम मुस्लिम, तिर्मिझी आणि इतरांच्या संग्रहांत ही हदीस कोणकोणत्या सनदींनी आली आहे ते बघून त्या सगळ्या त्याच कागदावर चढवायच्या. चित्र आपोआप झाडासारखं दिसू लागतं. उमर, अलकमा, तैमी, यह्या ही चार नावं म्हणजे सरळसोट बुंधा. यह्यांपासून मात्र फांद्या फुटतात : मालिक, सुफयान सौरी, लैस, इब्न मुबारक, यझीद बिन हारून, असे कितीतरी. यह्यांकडून सातशे जणांनी ही हदीस घेतली असा एक दावा आहे. हदीसपंडित इब्न हजर (मृत्यू हिजरी 852) यांनी ते मोजायला घेतलं आणि आपल्याला शंभरही भरले नाहीत असं लिहून ठेवलं. दावा आणि मोजणी वेगळी ठेवणारा असा माणूस मला आवडतो.

फांद्या शंभर असोत की सातशे, बुंधा एकाच माणसाच्या जाडीचा आहे. म्हणून हदीस गरीब. तिर्मिझीही तिला ‘हसन सहीह’, म्हणजे स्वीकारार्ह आणि भरवशाची, ठरवतात आणि लगेच सांगतात की यह्या बिन सईद यांच्या मार्गाखेरीज ती आपल्याला ठाऊक नाही.

इथपर्यंतची मोजणी झाली. पारख अजून सुरूच झालेली नाही. त्यासाठी प्रत्येक रावी चरित्रकोशात शोधायचा. त्याची सचोटी आणि स्मरणशक्ती याबद्दल आधीचे परीक्षक काय म्हणतात, त्याने वरच्याकडून खरोखर ऐकलं असेल का, हे बघायचं. त्यासाठी मृत्यूची सालं आणि गावं ताडून पाहावी लागतात. यह्या हिजरी 143 किंवा 144 मध्ये वारले, मूळचे मदिनेचे. तैमीही मदिनेचेच, त्यांचा मृत्यू हिजरी 120च्या सुमारास. भेट शक्य आहे, ऐकलेलं आहे, दोघेही भरवशाचे. दुवे जुळतात, माणसं पक्की आहेत, जास्त भरवशाच्या कुणाच्या सांगण्याला मजकूर छेद देत नाही. म्हणून सहीह. गरीबही आणि सहीहही, एकाच दमात.

पण विद्यार्थिनीची चूक अगदीच निराधार नव्हती. तैमींचं नाव कोशात काढलं की अहमद बिन हंबल यांचा शेरा समोर येतो : याच्या हदीसींत काहीतरी आहे, हा ‘मुनकर’ हदीसी सांगतो. मुनकर म्हणजे नाकारण्याजोगी. नवशिक्या इथे हबकतो आणि खर्ड्यात जईफ लिहून मोकळा होतो. इब्न हजर यांचा खुलासा असा की अहमद आणि आणखी काही जण ज्या हदीसीत रावी एकटाच आहे तिलाही मुनकर म्हणत. म्हणजे शब्द पारखीचा, पण वापर मोजणीचा. स्वतः इब्न हजर तैमींपुढे लिहितात : भरवशाचा, पण एकट्याने सांगितलेल्या काही हदीसी आहेत. म्हणून शेरा सापडला की तो कोणाचा आहे आणि तो माणूस तो शब्द कोणत्या अर्थाने वापरतो, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्या बाजूला ठेवायला हदीस तितकीच प्रसिद्ध हवी. ‘ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानाचं कर्तव्य आहे.’ ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा’ हे वाक्य बहुतेकांनी भाषणांत ऐकलेलं असतं. ते याच वाक्याला जोडून येतं, आणि त्याची सनद आणखीच पडकी आहे. आपण चीन सोडू आणि इब्न माजा (मृत्यू हिजरी 273) यांच्या संग्रहातली सनद घेऊ. हिशाम बिन अम्मार, त्यांना हफ्स बिन सुलैमान, त्यांना कसीर बिन शिंझीर, त्यांना मुहम्मद बिन सीरीन, त्यांना पैगंबरांचे सेवक अनस बिन मालिक. नावं सलग लागतात, कुठे खाच दिसत नाही. खालची दोन नावं तर वजनदार आहेत.

अडतं ते हफ्स यांच्याशी. हे तेच हफ्स, ज्यांच्या पाठाने आज जगातले बहुसंख्य मुसलमान कुरआन वाचतात. आपल्याकडच्या मशिदी-मदरशांतही हाच पाठ चालतो. कुरआनपठणात त्यांचा शब्द प्रमाण. हदीसीत मात्र इब्न हजर त्यांना ‘मतरूक’ म्हणतात, म्हणजे सोडून दिलेला, ज्याचं घेऊ नये असा. आणि त्याच वाक्यात पठणातलं त्यांचं इमामपद मान्यही करतात. एकाच माणसाला दोन विद्यांत दोन वेगळे गुण. चरित्रकोश नुसता चाळणारा इथे हमखास फसतो, कारण ‘मोठे इमाम’ एवढं वाचून तो पुढच्या नावाकडे जातो.

म्हणून ही सनद जईफ. पण हदीस गरीब आहे का? मुळीच नाही. अनस यांच्याखेरीज इतर सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांच्या, नावानेही ती आली आहे, आणि हदीसपंडित सुयूतींनी तिच्या सुमारे पन्नास वाटा गोळा केल्याचं म्हटलं आहे. मोजणीत ती पहिलीपेक्षा कितीतरी श्रीमंत. तरी इमाम नववी तिला जईफ म्हणतात, अर्थ बरोबर आहे असं सांगूनही.

पन्नास कच्चे धागे वळले तर दोर होईल का, हा इथला खरा वाद. मिझ्झी म्हणाले की सगळ्या वाटा मिळून ती ‘हसन’पर्यंत, म्हणजे मधल्या स्वीकारार्ह दर्जापर्यंत, पोचते. सुयूती आणखी वर गेले आणि इतर वाटांच्या आधाराने सहीह म्हणाले. अहमद यांच्या मते या विषयावर काहीच सिद्ध होत नाही. दोर वळला जातो तो दोष विसरभोळेपणाचा असेल तर. कारण पाच विसरभोळे, वेगवेगळ्या गावचे, सारखंच चुकतील हे अवघड. रावी मतरूक किंवा खोटारडा असेल तर त्याच्या शंभर सनदींनीही भार पेलत नाही. म्हणून वाटा नुसत्या मोजून भागत नाही, प्रत्येक वाट कोणत्या दोषाने पडली ते लिहावं लागतं.

वाढीव वाट कधीकधी निव्वळ चूकही असते. हेतूंच्या हदीसीलाच अबू सईद खुदरी यांच्या नावाची आणखी एक सनद कोशांत सापडते, मालिक यांच्यामार्फत आलेली. ती पाहून ‘बघा, गरीब कुठे आहे?’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण मालिक यांच्या बाकीच्या शिष्यांनी हीच हदीस यह्यांच्या सरळ बुंध्यानेच सांगितली आहे, आणि एकट्या अब्दुल मजीद बिन अबी रव्वाद यांनी ती दुसऱ्या सनदीला चिकटवली. परीक्षकांनी ही त्यांची गफलत ठरवली. झाडाचं चित्र काढलेलं असेल तर ही उपरी फांदी लगेच डोळ्यांत खुपते.

हिजरी सातव्या शतकातले इब्नुस्सलाह यांनी ‘मशहूर’ म्हणजे बहुश्रुत हदीसीची उदाहरणं देताना याच दोघींना शेजारी बसवलं आहे : मशहूर आणि सहीह म्हणून हेतूंची हदीस, मशहूर पण सहीह नाही म्हणून ज्ञानाची. त्यावर नंतरच्यांनी आक्षेप घेतला की हेतूंची हदीस मुळाशी गरीब आहे, मशहूर कशी? उत्तर मोजपट्टी कुठे धरली त्यात आहे. यह्यांच्या वर धरली तर मशहूर, खाली धरली तर गरीब.

तिर्मिझींच्या बाबतीत एक पथ्य मात्र पाळावं. ते ‘हसन सहीह गरीब’ लिहितात तेव्हा गरीब हा नुसता मोजणीचा शब्द. पण पुढेमागे काही न लावता एकटं ‘गरीब’ लिहितात, तेव्हा बहुतेकदा सनदीत कमजोरी असते. अहमद यांनीही गरीब हदीसींपासून जपून राहा, त्यातल्या बहुतेक कमजोर रावींकडून येतात, असं बजावलं आहे. एकट्याने सांगितलेल्यात भेसळ जास्त निघते हा अनुभव खरा आहे. पण तो संशय जागा करतो, निकाल देत नाही.

निबंध विद्यापीठीय असेल तर तिसरा प्रश्न येतो, आणि तो या दोन्हींत मिसळू नये. शाख्त आणि युनबोल या अभ्यासकांनी यह्यांसारख्या जागेला, जिथून फांद्या फुटतात तिथे, सामाईक दुवा म्हटलं. युनबोल यांचा कल असा की मजकूर त्याच्यापाशीच जन्मला असावा; मोत्स्की यांच्या मते असा माणूस बऱ्याचदा आधीचं ऐकून पद्धतशीर पसरवणारा पहिला संग्राहक असतो. हा प्रश्न मजकुराच्या वयाचा आहे. ‘सहीह’ शब्दाने तो सुटत नाही, ‘गरीब’ने त्याची जागा तेवढी कळते. हेतूंच्या हदीसीबाबत निश्चित म्हणता येतं ते असं की इ.स. 760च्या आधी मदिनेचे यह्या ती सांगत होते. त्यामागची तीन नावं मानायची की नाही, इथून वाद सुरू होतो.

विद्यार्थिनीने वाक्य तीनदा बदललं. शेवटचं असं होतं : "ही हदीस यह्या बिन सईद यांच्यापर्यंत एकाच मार्गाने येते (गरीब), पारंपरिक परीक्षक त्या मार्गातल्या चारही रावींना स्वीकारतात (सहीह), यह्यांच्या आधीच्या काळासाठी तिचा पुरावा म्हणून वापर मी करत नाही." तिसऱ्या भागावर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं, कारण तो निर्णय तिने अजून कारणं देऊन मांडलेला नव्हता.