माइल्ड स्टीलचा आलेख मध्येच का घसरतो?

युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर माइल्ड स्टीलचा नमुना ओढताना चढता भार एकाएकी खाली येतो, तेव्हा पकड निसटली असावी असा अनेक विद्यार्थ्यांचा समज होतो. पकड घट्टच असते. घसरण खुद्द पोलादातली असते.

१० मिलिमीटर व्यासाचा आणि ५० मिलिमीटर मापन-लांबीचा नमुना घेऊ. २२ किलोन्यूटन भाराला त्यातील प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचा भार, सुमारे २८० मेगापास्कल होते, आणि यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असल्याने लांबी अवघी ०.०७ मिलिमीटर वाढते. येथवर आलेख सरळ असतो. समजा, याच ठिकाणी वरचा यील्ड पॉइंट, म्हणजे कायमची विकृती सुरू होण्याचा बिंदू, आला, तर भार २० किलोन्यूटनच्या आसपास उतरतो आणि तेथेच हेलकावत राहतो. तेवढ्या अवधीत नमुना पाऊण मिलिमीटरपर्यंत लांबू शकतो.

याचे कारण कार्बन आणि नायट्रोजनच्या मोजक्या अणूंत आहे. धातूला कायमची विकृती येते ती स्फटिकातील डिसलोकेशन नावाचे रेषीय दोष सरकल्यामुळे. लोहाच्या अणूंमधल्या अपुऱ्या जागेत कोंबले गेलेले कार्बनचे अणू या दोषांभोवतीच्या ताणलेल्या, म्हणून थोड्या ऐसपैस, भागात जमतात आणि दोषांना जागीच जखडून ठेवतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये ही मांडणी केली. जखडलेले दोष सुटायला किंवा नवे दोष निर्माण व्हायला जास्त प्रतिबल लागते, परंतु एकदा मोकळे झालेले दोष त्याहून कमी प्रतिबलाला सरकत राहतात व झपाट्याने वाढतात. ही क्रिया साऱ्या नमुन्यात एकदम घडत नाही. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर तिरपे ल्यूडर्स पट्टे उमटून पसरत जाताना दिसतात, आणि त्यांनी नमुना व्यापेपर्यंत आलेख जवळजवळ आडवा राहतो.

पट्टे पसरून झाल्यावर भार उतरवून तोच नमुना लगेच पुन्हा ओढला, तर ही घसरण दिसत नाही. मात्र तो सुमारे १०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवला, तर कार्बन-नायट्रोजनचे अणू पुन्हा दोषांपर्यंत पोचतात आणि यील्ड पॉइंट परत येतो. ही कसोटी पकडीचा संशय कायमचा मिटवते.

पुढे विकृतीबरोबर दोष एकमेकांत गुंतत जातात, त्यामुळे प्रतिबल पुन्हा चढते. कमाल भारानंतर मात्र एका जागी मान बारीक होऊ लागते. तेथून आलेख उतरतो तो भाराला मूळ क्षेत्रफळाने भागल्यामुळे. मानेतील खरे प्रतिबल वाढतच असते. तुटलेले तुकडे जुळवून ५० ची लांबी ६४ भरली, तर तन्यता २८ टक्के. या वाढीचा मोठा वाटा मानेपाशीच असल्याने तोच नमुना आखूड मापन-लांबीवर मोजल्यास टक्केवारी फुगते, म्हणून ती लांबी क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट ठरवलेली आहे. सळयांच्या जाहिराती मजबुतीचा आकडा मिरवतात, पण एफई ५०० आणि एफई ५००डी या सळयांची किमान यील्ड मजबुती एकच, ५०० मेगापास्कल, असताना भारतीय मानकानुसार त्यांची किमान तन्यता अनुक्रमे १२ आणि १६ टक्के असते, हे त्या क्वचितच सांगतात.