गेमप्ले प्रक्षेपण, घरगुती

आपण खेळत असलेल्या संगणकीय अथवा मोबाईल खेळाचे पडद्यावरील चित्र, आवाज व बोलणे घरच्या इंटरनेट जोडणीवरून व्हिडिओ संकेतस्थळावर त्याच वेळी पाठविणे. बोलीत ‘लाईव्ह जाणे’ किंवा ‘स्ट्रीम मारणे’. या नोंदीत ग्रामीण विदर्भातील जोडण्या डोळ्यांसमोर ठेवून प्रामुख्याने अपलोड वेगाचा विचार केला आहे, कारण खेड्यातील प्रक्षेपण अडते ते बहुधा तिथेच.

प्रथेचा उगम कोठे मानावा याबद्दल मतभेद आहेत. इंग्रजी लेखनात २००७ मध्ये सुरू झालेल्या जस्टिन.टीव्ही या संकेतस्थळाकडे मूळ पाहिले जाते. त्याच्याच खेळ विभागातून जून २०११ मध्ये ट्विच वेगळे झाले. मात्र दक्षिण कोरियातील आफ्रिकाटीव्ही २००६ मध्येच सुरू झाले होते आणि सामान्य माणसाने घरी बसून प्रक्षेपण करण्याची सवय त्याने आधी रुजवली. ‘घरातून’ हा शब्द महत्त्वाचा मानला, तर कोरियाचा दावा अधिक सबळ वाटतो. यूट्यूबने थेट प्रक्षेपणाची सोय २०११ मध्ये मर्यादित स्वरूपात सुरू केली. विदर्भाच्या खेड्यांत ही प्रथा सप्टेंबर २०१६ मधील स्वस्त ४जी सेवेनंतरची, आणि तिचा प्रसार बहुधा मार्च २०१८ मध्ये आलेल्या पबजी मोबाईलनंतरचा मानावा लागतो.

प्रक्षेपण सुरू करण्याच्या अटी थोड्या आहेत. यूट्यूब वाहिनीला फोन क्रमांकाची पडताळणी लागते, परवानगी मिळायला पहिल्यांदा २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मोबाईल ॲपमधून थेट जाण्यास किमान ५० सदस्य लागतात. जुलै २०२५ पासून एकट्याने थेट जाण्याचे किमान वय १६ वर्षे आहे.

किती अपलोड वेग लागतो, हा या विषयातील सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. त्यात एक गैरसमज आधी दूर करायला हवा. प्रेक्षक वाढले म्हणून घरचा अपलोड वाढत नाही. घरातून संकेतस्थळापर्यंत एकच प्रवाह जातो; त्याच्या लहान-मोठ्या प्रती करून वाटण्याचे काम यूट्यूबचे सर्व्हर करतात. पाच प्रेक्षक असोत वा पाच हजार, आपल्या वायरीतून जाणारा भार तेवढाच राहतो. हा भार म्हणजे बिटरेट, सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा, आणि तो आपण स्वतः ठरवतो. तो केबीपीएसमध्ये मोजतात; हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस. ७२० पिक्सेल उंचीच्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रासाठी यूट्यूबच्या मार्गदर्शनात बराच काळ १,५०० ते ४,००० केबीपीएस असा पट्टा दिलेला होता. पुढे शिफारशी वाढत गेल्या. खेड्यातील जोडणीसाठी जुना पट्टाच अधिक उपयोगी आहे.

जोडणीचा वेग विकताना सांगितला जातो तो डाउनलोडचा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली, त्यातही किमान २ एमबीपीएस ही अट डाउनलोडपुरतीच आहे. मोबाईल टॉवरवर तर अपलोड मुळातच अरुंद असतो. २३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकाच लहरीवर डाउनलोड आणि अपलोड आळीपाळीने चालतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या मांडणीत दहा मिलिसेकंदांच्या चौकटीचे दहा तुकडे पडतात. सहा डाउनलोडला, दोन अपलोडला, आणि उरलेले दोन अदलाबदलीचे. शिवाय टॉवर कित्येक वॅटने बोलतो, तर फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. म्हणून मेळघाटातल्या घाटाआडच्या गावात किंवा गडचिरोलीच्या सागवनात व्हिडिओ बघता येतो, पण पाठवता येत नाही. फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसतात त्या टॉवरचा आवाज आपल्याला ऐकू येतो म्हणून; आपला आवाज टॉवरला ऐकू जातो की नाही, ते त्या काड्या सांगत नाहीत.

गावात केबलवाल्याची फायबर आली असेल तर चित्र पालटते. जीपॉन प्रकारच्या फायबरवर अपलोडची एकूण क्षमता १.२४४ जीबीपीएस असते, आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरे एकाच क्षणी भरभरून पाठवू लागली तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३८ एमबीपीएस येतील. तरीही रात्री नऊला अपलोड ३ एमबीपीएसवर येत असेल, तर आपल्या योजनेची मर्यादा तपासून दोष गाव ते तालुका या दुव्यात शोधावा. तो दुवा अनेकदा रेडिओचा असतो किंवा क्षमतेपेक्षा जास्त जोडण्या त्यावर टाकलेल्या असतात. घरचा राउटर बदलून हा दोष जात नाही. नवा राउटर आणण्यापूर्वी हे ताडून पाहणे पैसे वाचवते.

उदाहरणादाखल दारव्हा तालुक्यातील एक घर घेऊ. तिथे सलग तीन दिवस संगणक राउटरला केबलने जोडून अपलोड मोजला. सकाळी सातला ११.४, दुपारी दोनला ९, रात्री नऊला ३.६ आणि साडेनऊला ३.१ एमबीपीएस असे आकडे आले. प्रक्षेपण रात्री करायचे आहे, म्हणून हिशेबाला ३.१ हाच आकडा घ्यायचा. सरासरी इथे फसवते. किती मोकळीक ठेवावी यावर दोन मते आहेत. एका मताने वीस टक्के सोडले की पुरे. दुसऱ्या मताने निम्मा वेग मोकळा हवा. वीस टक्क्यांचा नियम शहरी, स्थिर जोडणी गृहीत धरतो. वेग मोजणारे संकेतस्थळ जवळच्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोठा आकडा दाखवते. प्रक्षेपण मात्र आरटीएमपी या पद्धतीने एकाच जोडणीतून जाते आणि डेटाचे एखादे पाकीट वाटेत हरवले की तेच पुन्हा पाठवावे लागते. म्हणून खेड्यात तीस टक्के सोडणे योग्य वाटते. ३.१ चे सत्तर टक्के म्हणजे २.१७ एमबीपीएस. त्यात चित्राला २,००० आणि आवाजाला १२८ केबीपीएस बसतात.

एवढ्या बिटरेटमध्ये १०८० चे चित्र पाठवण्याचा मोह टाळावा. ७२० च्या ३० फ्रेमच्या चित्रात सेकंदाला सुमारे २.७६ कोटी पिक्सेल असतात, १०८० च्या ६० फ्रेममध्ये सुमारे १२.४४ कोटी. तेवढेच २,००० केबीपीएस साडेचार पट पिक्सेलांवर पसरले, तर गवत, धूर आणि पळणारा खेळाडू चौकोनी ठिगळांत विरघळतो. नाव मोठे ठेवून चित्र फाटके दाखवण्यापेक्षा ७२० स्वच्छ बरे.

ओबीएस स्टुडिओ या मोफत आज्ञावलीत वरील घराची मांडणी अशी होते :

```
Rate Control: CBR
Bitrate: 2000 Kbps
Keyframe Interval: 2 s
Output (Scaled) Resolution: 1280x720
Common FPS Values: 30
Audio Bitrate: 128
```

ग्राफिक्स कार्ड असेल तर चित्र दाबून लहान करण्याचे, म्हणजे एन्कोडरचे काम त्याच्याकडे द्यावे, म्हणजे खेळाला प्रोसेसर मोकळा राहतो. यूट्यूबकडे विलंबासाठी `Normal latency` निवडावे. प्रेक्षकांची टिप्पणी काही सेकंद उशिरा पोचते, पण मध्येच वेग गडगडला तर प्रेक्षकाकडे साठा शिल्लक असतो. या मांडणीत तासाला सुमारे ०.९६ जीबी डेटा जातो. रोज दीड जीबीच्या मोबाईल पॅकवर म्हणजे दीड तास, तोही दिवसभर दुसरे काही न पाहता.

प्रक्षेपण अडखळले की सरसकट ‘नेट गेलं’ म्हटले जाते. ओबीएसमधील `Stats` ही खिडकी खरा दोष वेगळा करून दाखवते. `Dropped Frames (Network)` वाढत असेल तर अपलोड कमी पडतो आहे. बिटरेट १,५०० वर आणावा, किंवा `Settings` मधील `Advanced` विभागात `Dynamically change bitrate to manage congestion` ही खूण करावी. `Skipped frames due to encoding lag` वाढत असेल तर नेटचा काहीही संबंध नाही, संगणक दमला आहे. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा टिनाच्या खोलीतला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग उतरवतो आणि हाच आकडा चढू लागतो. अशा वेळी केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही; लॅपटॉप उचलून धरावा, खालची जाळी मोकळी करावी, किंवा पहाटे खेळावे. कुलरचा दमट झोत थेट त्यावर सोडू नये.

तिसरा प्रकार ओळखायला अवघड असतो. प्रेक्षकांना चित्र नीट दिसते, फ्रेम गळत नाहीत, पण स्वतःच्या खेळात गोळी उशिरा लागते. याचे कारण राउटरमधली रांग. कापसाने लादलेली गाडी अरुंद पुलावर चढली की मागची मोटारसायकल तिच्याच चालीने सरकते. तशी खेळाची चिमुकली पाकिटे व्हिडिओच्या मागे अडकतात. पडताळण्यासाठी विंडोजवर पुढील आज्ञा चालू ठेवून प्रक्षेपण सुरू करावे :

```
ping -t 8.8.8.8
```

आधी ४० मिलिसेकंद येणारे उत्तर प्रक्षेपण सुरू होताच ३०० वर गेले आणि थांबवताच खाली आले, तर रांग हेच कारण. राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घालण्याची सोय असल्यास ती रात्रीच्या किमान वेगापेक्षा थोडी खाली ठेवावी. नसल्यास बिटरेट आणखी उतरवावा, आणि त्या वेळेत घरातल्या फोनचे फोटो आपोआप वर चढणे बंद करावे. हा शेवटचा उपाय क्षुल्लक वाटतो, पण लग्नसराईत घरी आलेल्या पाहुण्यांचे चार फोन वायफायला जोडले की अपलोड त्यांतच संपतो.

‘लाईन’ म्हणजे वीज जाणे हा वेगळा विषय आहे. लॅपटॉपला बॅटरी असते; फायबरच्या डबीला व राउटरला नसते. दोन्ही साधने बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस पुरतो. घेताना डबीमागच्या चिठ्ठीवरील व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावे. यूपीएस असूनही डबीवर `LOS` चा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोचत नाही : वायर तुटली आहे, किंवा विजेअभावी तिकडच्या टोकाचे यंत्र बंद आहे. शेजारच्या घरीही तोच दिवा असेल तर बिघाड घरातला नाही. मृगाच्या पहिल्या वादळात खांबावरून ओढलेल्या वायरीवर फांदी पडणे नित्याचे आहे. विजा कडाडत असताना साधनांचे प्लग काढून ठेवावेत. फायबर स्वतः वीज वाहून आणत नाही, पण विजेच्या तारेतून येणारा झटका डबी जाळतो.

फक्त मोबाईलवरून खेळणारे व त्यावरूनच थेट जाणारे यांना वरील बिटरेटचा हिशेब तसाच लागू पडतो. मात्र खेळ, एन्कोडिंग आणि रेडिओ या तिन्हींची उष्णता एकाच डबीत साठत असल्याने चार्जिंग लावून खेळणे टाळावे.