थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर

उदाहरणादाखल सोलापूरच्या पूर्व भागातली २८ वर्षांची एक बाई घ्या. घरात यंत्रमाग, टॉवेलचं काम. लग्नाला तीन वर्षं झाली तरी दिवस राहिलेले नाहीत. पाळी कधी दोन महिन्यांनी येते आणि आली की आठ-दहा दिवस थांबत नाही. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ३८ निघतं आणि प्रोलॅक्टिन ५२. दोन्ही वाढलेली; टीएसएच इतकं वाढलं म्हणजे थायरॉइड कमी काम करतंय.

प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन. बाळ नसताना ते का वाढावं? थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की मेंदूतून टीआरएच नावाचं हार्मोन जास्त सुटतं. त्याचं काम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून टीएसएच काढून घेण्याचं, पण त्याच धक्क्याने पिट्युटरी प्रोलॅक्टिनही सोडते. वाढलेलं प्रोलॅक्टिन अंडाशयाला मिळणारे संदेश दाबतं. मग त्या महिन्यात स्त्रीबीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉनही तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि शेवटी उशिरा, पण भरपूर अंगावर जातं. म्हणून वाढलेलं प्रोलॅक्टिन दिसताच ते उतरवणारं औषध सुरू करण्याआधी टीएसएच पाहावं.

तिला थायरॉइडची गोळी, लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्राम, सुरू झाली. आठ आठवड्यांनी टीएसएच १९. डोस वाढवायचा? त्याआधी गोळी घेते कशी, ते विचारलं. दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच, दुधाच्या चहाबरोबर! लोह थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतं, ते रक्तात पुरतं उतरतच नाही. गंमत बघा, थायरॉइडमुळे रक्तस्राव, रक्तस्रावामुळे लोहाची गोळी, आणि तीच गोळी थायरॉइडच्या औषधाच्या आड येते. कॅल्शियमचंही तसंच. थायरॉइडची गोळी आणि यांपैकी कुठलीही गोळी यांत चार तासांचं अंतर हवं.

आता थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, चहा-भाकरी तासाभराने आणि लोहाची गोळी रात्री. डोस तोच. पुढच्या तपासणीत टीएसएच २.१, प्रोलॅक्टिन १८, पाळी ३१ दिवसांवर. मूल हवं असलेल्या बाईत, उपचार सुरू असताना, टीएसएच अडीचच्या खाली ठेवतात.

प्रत्येकीचं असंच होईल असं नाही. गर्भनलिका बंद असतील किंवा नवऱ्याच्या वीर्यात दोष असेल, तर थायरॉइड सुधारून तेवढं भागत नाही. टीएसएच चार-पाचवर असताना गोळीचा किती फायदा होतो, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. आणि थायरॉइड ठीक असताना ‘मूल व्हावं म्हणून’ गोळी घेणं मला चुकीचंच वाटतं. हार्मोन जास्त झालं तरी पाळी बिघडते.

दिवस राहिल्यावर गोळी बंद करायची नाही, उलट वाढवावी लागते. सुरुवातीचे तीनेक महिने बाळाची भिस्त आईच्याच हार्मोनवर असते. म्हणून डॉक्टर अनेकदा आधीच सांगून ठेवतात: पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली की आठवड्यात सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायच्या आणि लगेच टीएसएच करायचं.